उन्हाळी सुटीतील पोहण्याचे वर्ग : तुकडी, वेळ व शुल्क

एप्रिल संपत आला की तालुक्याच्या गावी पोहण्याच्या वर्गांची पत्रके शाळेच्या फलकावर येऊन लागतात. बहुतेकांत ‘मुलांच्या सुरक्षिततेची पूर्ण हमी’ हे शब्द ठळक असतात. परंतु ती हमी कोणत्या व्यवस्थेवर उभी आहे, हे क्वचितच सांगितलेले असते. पालक शिक्षकांचा सल्ला विचारतात, म्हणून ती व्यवस्था कशी ओळखावी हे शिक्षकांस ठाऊक असणे इष्ट होय.

बुडणारे मूल हातपाय आपटून ओरडते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. त्याचे तोंड पाण्याच्या पातळीशी वरखाली होत असते. वर येताच जेमतेम श्वास घेता येतो, हाक मारण्यास उसंत उरत नाही. हात बाजूंस पसरून तो पाणी खाली दाबीत राहतो, आणि पाहणाऱ्यास मूल खेळत आहे असे वाटते. लहान मूल अशा अवस्थेत अर्ध्या-एक मिनिटात पाण्याखाली जाऊ शकते. शिकविणाऱ्याचे लक्ष त्या वेळी दुसऱ्या मुलाच्या पायांकडे असते, व तसे असणे स्वाभाविक आहे. यास्तव प्रत्येक तुकडीस शिक्षकांखेरीज एक स्वतंत्र पहारेकरी हवा. त्याने शिकवू नये, शुल्क घेऊ नये, पालकांशी बोलत बसू नये. दहा सेकंदांत सर्व पाण्यावर, तळासुद्धा, त्याची नजर फिरली पाहिजे, आणि त्यानंतरच्या वीस सेकंदांत कोणत्याही मुलापर्यंत त्यास पोहोचता आले पाहिजे.

तळ दिसणे ही दुसरी कसोटी. सर्वांत खोल जागीही तळावरील फरशीची रेघ काठावरून स्पष्ट दिसत नसेल, तर त्या दिवशी मुलांस पाण्यात उतरवू नये. पाणी गढूळ असल्यास पहारेकरी असून नसल्यासारखाच. सकाळच्या तिरप्या उन्हात पाण्यावर चकाकी येते, म्हणून त्याने सूर्याकडे पाठ करून उभे राहावे, आणि ऊन सरकेल तशी जागा बदलावी.

वेळांचा विचारही याच अंगाने करावा. समजा, सहा, सात व आठ वाजता पाऊण-पाऊण तासाच्या तीन तुकड्या आहेत. मधली पंधरा मिनिटे वाया जातात असे काही चालकांस वाटते. पण बाहेर आलेल्यांची मोजणी पूर्ण झाल्याविना पुढची तुकडी आत घेता येत नाही. तळपत्या उन्हात उघड्या तलावातील क्लोरीन लवकर उडते, म्हणून दुपारच्या वर्गापूर्वी पाण्याची पुन्हा तपासणी हवी.

आता शुल्क. वरील प्रत्येक तुकडीत चोवीस मुले व तीन शिक्षक, म्हणजे एकंदर बहात्तर मुले धरू. पंधरा दिवसांसाठी प्रत्येक शिक्षकास ८,००० रुपये, पहारेकऱ्यास तितकेच, आणि तलावाचे भाडे व पाण्याची शुद्धी यांस २२,००० मानले, तर खर्च ५४,००० होतो. दर मुलामागे ७५० रुपये. अठ्ठेचाळीस मुलांकडून ९००, घरातील दुसऱ्या भावंडाबद्दल ६०० प्रमाणे बारा जणांकडून, आणि गरजू अशा बारा मुलांकडून ३०० घेतल्यास हिशेब नेमका जुळतो. पहारेकरी वगळला, तर दर मुलामागे सुमारे १११ रुपये वाचतात. शेजारच्या वर्गाचे शुल्क शंभराने कमी दिसल्यास ती बचत कोठून झाली, हे विचारण्यास संकोच करू नये. सवलतीची मुले मात्र निराळ्या, गर्दीच्या तुकडीत टाकलेली नसावीत.

पहिल्या दिवसांत मूल छातीएवढ्या पाण्यातच असावे. पाण्यात तोंड घालून श्वास सोडणे, पाठीवर तरंगणे व वळून काठ धरणे एवढे साधले की पाय मारण्यास आरंभ करावा. पाठीस बांधलेला भोपळा किंवा पत्र्याचा डबा ही खेड्यांतील जुनी सोय. पण दोर सुटला किंवा डब्यास भोक पडले की तिचा आधार एकाएकी जातो, तेव्हा शिक्षकाचा हात अंतरावर नसावा. पाण्याखाली श्वास कोंडून ठेवण्याच्या पैजा सर्वस्वी बंद असाव्यात. त्यापूर्वी जोरजोराने श्वास घेणाऱ्या मुलास तर कसलीही सूचना न मिळता मूर्च्छा येते.

अपघात घडलाच तर मुलास उलटे टांगणे किंवा पोट दाबून पाणी काढणे या रूढ उपायांत मोलाची मिनिटे जातात. श्वास चालत नसल्यास तोंडावाटे श्वास देण्यास प्रारंभ करून छातीवर दाब द्यावयाचा असतो, आणि त्याच वेळी दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावयाची असते. हे प्रत्यक्ष करून दाखवा, असे चालकास वर्ग सुरू होण्यापूर्वी सांगता येते. पंधराव्या दिवशी प्रमाणपत्र दिले जाते. त्यावर मूल किती खोल पाण्यात व किती अंतर पोहले याची नोंद करून घ्यावी, कारण तलावात एक रुंदी पार केलेले मूल त्याच आठवड्यात मामाच्या गावच्या विहिरीवर जाते, आणि विहिरीस उथळ बाजू नसते.