पेशीच्या पोटातलं जाळं

पुळीतला पिवळसर पू म्हणजे बहुतांशी मेलेल्या न्यूट्रोफिल पेशी. या पांढऱ्या पेशी जंतू गिळतात, एवढं आपण शाळेत शिकलो. 2004 मध्ये बर्लिनच्या मॅक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांना त्यांचा आणखी एक डाव दिसला: स्वतःचा डीएनए बाहेर फेकून जंतूंवर जाळं टाकायचं.

एरवी हा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर घट्ट गुंडाळलेला असतो. जंतूची चाहूल लागली की काही विकरं ती पकड ढिली करतात, धागा फुगतो आणि बहुधा काही तासांत पेशी फाडून बाहेर पसरतो. त्याला जंतुनाशक प्रथिनं चिकटलेली असतात. जंतूही काही कमी नाहीत. पुळ्या आणणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस डीएनए कापणारं विकर सोडून निसटू बघतो.

हेच जाळं रक्तवाहिनीत भरमसाट पसरलं तर त्यात प्लेटलेट आणि लाल पेशी अडकतात आणि गुठळीला सांगाडा मिळतो. पक्षाघाताच्या रुग्णांच्या मेंदूतून काढलेल्या गुठळ्यांवर प्रयोगशाळेत नेहमीचं विरघळवणारं औषध घातलं, तर ते फक्त फायब्रिन तोडतं. जोडीला डीएनए कापणारं विकर दिलं की गुठळी लवकर विरघळते.

ल्युपसमध्ये गोची वेगळी. काही रुग्णांच्या रक्तात हे जाळं नीट साफ होत नाही. उघडा पडलेला डीएनए प्रतिकारशक्तीला परका वाटतो, त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, आणि ती डीएनएसकट मूत्रपिंडात साचून तिथं दाह होतो. अशा वेळी लघवीला फेस येऊ लागतो: प्रथिनं गळत असल्याची खूण.