दीडशे अक्षरांत मावणारी ओळख

इन्स्टाग्रामवर स्वतःच्या ओळखीसाठी १५० अक्षरांची जागा मिळते, एक्सवर १६०. मराठीत ती आणखी लवकर संपते, कारण काना, मात्रा आणि जोडाक्षरातलं हलन्त चिन्हही वेगळं मोजलं जातं. ‘किल्ल्यावर’ आपल्याला चार अक्षरांचा वाटतो, मोजणीत तो दहा भरतो.

समजा, एकीने कच्चं टिपण लिहिलं: ‘मी साताऱ्याची, बँकेत नोकरी करते. फिरायला, वाचायला आवडतं. स्वभावाने मनमिळाऊ. सुट्टीत किल्ल्यांवर जाते, पण सगळे बुरुज बघत असतात तेव्हा मी पाण्याची टाकी शोधत असते.’

यातलं ‘मनमिळाऊ’ आधी काढावं. ते कुणीही स्वतःबद्दल लिहील, त्यामुळे वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. फिरणं-वाचणंही तसंच. टाक्यांचं वाक्य मात्र फक्त तिचंच आहे. बहुतेक जण नेमकं असं वाक्य किरकोळ समजून गाळतात आणि हुद्दा ठेवतात. मला ही सर्वांत मोठी चूक वाटते. टाक्यांभोवती बाकीचं बसवलं की उरतं:

‘साताऱ्याची. आठवडाभर बँकेत, रविवारी किल्ल्यावर. लोक बुरुज बघतात, मी पाण्याची टाकी शोधते.’

हे शंभराच्या आत बसतं. उरलेली जागा भरायची गरज नाही. ‘मी’ एकदाच आला, कारण तिथे लोकांशी फरक दाखवायचा आहे. शब्दही तिचेच राहिले. ‘शोधते’च्या जागी ‘जलवारसा अभ्यासक’ घातलं असतं तर ओळख भारदस्त झाली असती, पण बोलणारी बाई हरवली असती. खात्री करायची तर ओळ नाव झाकून मैत्रिणीला दाखवावी. कुणाची आहे हे तिला ओळखता आलं नाही, तर कच्च्या टिपणाकडे परत जावं.