फोटोतला गालिचा जमिनीवर कसा टेकतो?

खोलीच्या फोटोत नंतर घातलेला गालिचा बरेचदा तरंगताना दिसतो. एक तर त्याचा कोन चुकलेला असतो, नाहीतर कडेखाली सावली नसते.

कोनासाठी फरशीच मोजपट्टी होते. फरशा दोन बाय दोन फुटांच्या असतील, तर चार बाय सहाचा गालिचा बरोबर सहा फरशा व्यापतो. वरून सरळ काढलेला गालिच्याचा फोटो फोटोशॉपमध्ये वेगळ्या लेयरवर ठेवा, Distort निवडा आणि चारही कोपरे फरशांच्या सांध्यांवर नेऊन बसवा. लांबची कड आपोआप आखूड होते, तिकडची नक्षीही दाटते.

मग गालिच्याच्या खाली नवा लेयर घेऊन तो Multiply वर ठेवा. रंग निव्वळ काळा नको. खुर्चीच्या पायाशी जमिनीवर जी गडद छटा दिसते, ती उचला. कडेला चिकटून बारीक रेघ ओढा आणि जराशीच धूसर करा. खिडकीच्या विरुद्ध बाजूला तिच्याबाहेर थोडी रुंद, फिकट सावली द्या. अर्ध्या इंचाच्या गालिच्याची सावली हातभर पसरली, की तो गादीइतका जाड वाटतो. लांबच्या कडेची रेघ जवळच्या कडेपेक्षा बारीकच हवी.