पाऊस आधी रस्त्यावर पाडा

कोरड्या रस्त्याच्या फोटोत पाऊस घालायचा म्हटलं की बहुतेक जण आधी आभाळातून पांढऱ्या रेघा ओढतात. खाली रस्ता मात्र खडखडीत राहतो आणि बघणाऱ्याला काहीतरी खटकतं. काम जमिनीपासून सुरू करावं.

समजा, फोटो पुण्याच्या लक्ष्मी रस्त्याचा आहे. ढगाळ दुपार, उजवीकडे दिवे लागलेलं साड्यांचं दुकान, समोरून सुती शर्टातला माणूस चालत येतोय. ढगाळ हवंच. उन्हाच्या ठळक सावल्या असतील तर तो फोटो सरळ सोडून द्यावा, त्या पुसत बसण्यात अर्थ नाही.

ओलं डांबर काळं दिसतं, कारण पाण्याच्या थरात शिरलेला प्रकाश आतल्या आत परतत राहतो आणि बराचसा डांबरातच जिरतो. म्हणून फोटोशॉपमधल्या Curves ने आधी फक्त रस्ता गडद करायचा. मग प्रतिबिंबं. अख्ख्या फोटोची प्रत उलटी करून खाली चिकटवली की फसगत ठरलेली, कारण प्रत्येक वस्तूचं प्रतिबिंब ती जिथे जमिनीला टेकते तिथूनच सुरू होतं. माणूस आणि दुकान वेगवेगळे कापून Flip Vertical करायचे, उलट्या माणसाचे पाय खऱ्या पायांना भिडवायचे. डांबर खडबडीत असल्याने ही प्रतिबिंबं उभी ताणली जातात. त्यासाठी Motion Blur चा कोन ९० अंश ठेवावा. सरळ खाली पाहिलं तर पाणी जेमतेम २ टक्के प्रकाश परतवतं, नजर तिरकी होत गेली की बराच जास्त. तेव्हा दूरचा रस्ता चकाकू द्या, कॅमेऱ्याजवळचा जवळपास काळाच ठेवा. दुकानाचे दिवे सगळ्यात उजळ उमटतील.

आता शर्ट. सुती कापड भिजलं की गडद होतं, पण सगळीकडे सारखं नाही. आधी खांदे, मग छाती. काखेत आणि पिशवीच्या पट्ट्याखाली कोरडंच. पँटच्या तळाशी शिंतोडे. रेनकोट मात्र गडद करू नका, त्यावर फक्त चमक येते. केसांच्या बटा चिकटवणं सगळ्यात किचकट. डोक्यावर टोपी असलेला माणूस निवडणं शहाणपणाचं.

रेघा शेवटी. काळ्या थरावर Add Noise, मग किंचित तिरका Motion Blur, आणि थर Screen वर. मोठा थेंब सेकंदाला साधारण ९ मीटर वेगाने पडतो. फोटो १/६० सेकंदाचा असेल तर रेघ १५ सेंटीमीटरची, म्हणजे त्या माणसाच्या शेजारी त्याच्या उंचीच्या दहाव्या भागाहूनही कमी. कॅमेऱ्याजवळचे थोडे थेंब लांब आणि धूसर चालतील. आभाळावरच्या रेघा पुसून टाका, पाऊस दिसतो तो दुकानाच्या अंधाऱ्या भागापुढे.

आणि फोटोत एकाकडेही छत्री नसेल, तर मुसळधार पाडू नका. पहिल्या सरीवर थांबा.