ट्रिगर हलका केला आणि बंदूक टेबलावर टेकवताच सुटली. त्या एका स्क्रूने नेमकं काय बदललं?

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट आहे. तालुक्याच्या गावी एका जुन्या हॉलमध्ये पोरं दहा मीटरवर छऱ्याच्या रायफलीने सराव करतात. स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये ऑलिम्पिकचं कांस्य जिंकल्यापासून अशा हॉलमध्ये गर्दी वाढलीय. कांबळवाडीचा पोरगा जिंकू शकतो तर आपला का नाही, असं घरच्यांनाही वाटतं. तर त्या दिवशी एका पोराने नळी मोडून छर्रा भरला, नळी बंद केली आणि बंदुकीचा दस्ता टेबलावर टेकवला. तेवढ्यात फट् आवाज झाला. नळीचं तोंड निशाणाकडेच होतं म्हणून छर्रा मागच्या पत्र्यावर गेला.

"सर, मी ट्रिगरला हातच लावला नव्हता," पोरगा म्हणाला. ते खरंच होतं.

प्रशिक्षकांनी विचारलं, "मग काय केलं होतंस रे तिला?"

"काही नाही सर. चाप जड लागायचा, म्हणून स्क्रू एक फेरा फिरवला फक्त."

हा एक फेरा काय करतो ते आता नीट बघू. घराघरात अशा बंदुका आहेत आणि 'ट्रिगर हलका कसा करायचा' असले व्हिडिओ मोबाइलवर रोज फिरतायत.

आधी ट्रिगरच्या आत काय असतं ते समजून घ्या. बंदूक चढवली की आतली मोठी स्प्रिंग दाबली जाते आणि तिच्यापुढचा दट्ट्या मागे जाऊन एका लोखंडी दातावर अडकतो. या दाताला सिअर म्हणतात. आपण चाप ओढतो तेव्हा स्प्रिंगला काही करत नाही, फक्त हा दात सरकवतो. दात सुटला की दट्ट्या पुढे धावतो आणि छर्रा बाहेर. दात किती खोल अडकलाय, त्याला आपण 'पकड' म्हणू. ही पकड साधारण मिलिमीटरच्या आतबाहेरची असते. अख्खी बंदूक तेवढ्यावर थांबलेली असते.

एकटप्पी ट्रिगरमध्ये ही पकड कायम तेवढीच असते. बोट लावलं की लगेच वजन जाणवतं, ते वाढत जातं आणि दात सुटतो. पकड खोल असेल तर चाप फार लांब, खरखरत सरकतो आणि नेम हलतो. म्हणून नेमबाजाला वाटतं, पकड थोडी कमी करावी. केली की चाप झटक्यात सुटतो, छान वाटतं. पण कमी केलेली पकड ही फक्त गोळी मारतानाच कमी नसते. बंदूक भिंतीला टेकवलेली असताना, खांद्यावर असताना, हातातून निसटून पडताना, सगळ्या वेळी ती तेवढीच कमी असते.

दोनटप्पी ट्रिगर ही अडचण वेगळ्या तऱ्हेने सोडवतो. दाराची कडी डोळ्यांसमोर आणा. कडी कोयंड्यात खोलवर गेलेली आहे. तुम्ही ती हलक्या हाताने सरकवत अगदी टोकापर्यंत आणता, आता ती केसभर अडकलेली आहे. हा झाला पहिला टप्पा. इथे बोटाला एक भिंत लागल्यासारखं वाटतं. मग थोडा जास्त दाब दिला की कडी सुटते, तो दुसरा टप्पा. आणि भिंतीपर्यंत येऊन तुमचा विचार बदलला, बोट काढलं, तर ट्रिगरची स्प्रिंग ती कडी पुन्हा खोलवर ढकलते. म्हणजे पकड नेम धरल्यावर तेवढ्या क्षणापुरतीच कमी होते, बाकी सगळा वेळ ती पूर्ण असते.

हे काही नवं नाही. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं दिसलेली थ्री नॉट थ्री, म्हणजे ली-एनफिल्ड रायफल, दोनटप्पीच होती. तिच्या चापाच्या वरच्या बाजूला दोन उंचवटे असतात. पहिला उंचवटा सिअर बराचसा खाली आणतो, मग दुसरा टेकतो आणि तो उरलेलं काम करतो. स्क्रू एकही नाही. शिपाई पळणार, पडणार, खंदकात उडी मारणार, म्हणून चाप जड आणि पकड खोल ठेवलेली. तिला ज्याने हात लावला तो 'जड होती बाबा' म्हणतो, आणि ती मुद्दामच जड ठेवलेली होती.

आता स्क्रूकडे येऊ. ट्रिगरला सहसा एक, दोन किंवा तीन स्क्रू असतात आणि बाहेरून ते सारखेच दिसतात. घोळ इथेच होतो. एक स्क्रू चापामागची लहान स्प्रिंग घट्ट किंवा सैल करतो. खऱ्या अर्थाने वजन बदलतं ते यानेच. दुसरा स्क्रू पकडीची खोली बदलतो. तिसरा असलाच तर तो दात सुटल्यावर चाप मागे किती जावा ते ठरवतो.

स्वस्तातल्या बऱ्याच छऱ्याच्या बंदुकांना एकच स्क्रू असतो, आणि तो बहुतेक वेळा पकडीचा असतो. कारणही आहे. अशा साध्या बंदुकीत मोठ्या स्प्रिंगचा सगळा जोर त्या दातावर येतो. चापाचं जे वजन आपल्याला जाणवतं, त्यात लहान स्प्रिंगचा वाटा थोडा आणि दाताच्या घासण्याचा वाटा मोठा. त्यामुळे लहान स्प्रिंग सैल करून फारसा फरक पडत नाही. पकड कमी केली की मात्र चापाचा प्रवास आखूड होतो आणि बोटाला वाटतं वजनच उतरलं. वजन मोजलं तर तेवढं उतरलेलं नसतं.

त्या पोराच्या एका फेऱ्याचा हिशोब करून बघा. तीन मिलिमीटर जाडीच्या नेहमीच्या स्क्रूला एका फेऱ्यात अर्धा मिलिमीटर चाल असते. समजा मूळ पकड ०.८ मिलिमीटर होती आणि स्क्रू थेट दातालाच ढकलतो. एका फेऱ्यात ०.५ गेलं, राहिलं ०.३. आता बंदूक जुनी, दाताची कडा झिजून थोडी गोल झालेली. गोल कडेवर अडकलेली वस्तू घसरायलाच बघते, म्हणून त्या ०.३ मधलंही सगळं कामाचं नाही. वरून मोठ्या स्प्रिंगचा जोर. टेबलावर दस्ता टेकवल्याचा हलका धक्का उरलेलं काम करून गेला. पहिले दहा-बारा दिवस बंदूक 'मस्त' चालली होती, हे तो पोरगा पुन्हा पुन्हा सांगत होता. झीज होत होत त्या दिवशी ती टोकाला आली.

दोनटप्पी ट्रिगरमध्ये हीच चूक जरा लपून होते. पकडीचा स्क्रू फिरवत गेलं की पहिला टप्पा आखूड होत होत नाहीसा होतो. बोट लावलं की थेट भिंत. अनेकांना हे आवडतं, 'एकदम क्रिस्प झाला' म्हणतात. प्रत्यक्षात जी केसभर पकड फक्त नेमाच्या क्षणी असायला हवी होती ती आता चोवीस तास आहे. दोनटप्पी ट्रिगरची भिंत न हलता थेट लागली तर बंदूक तिथेच थांबवा.

वजनाचा स्क्रू त्यामानाने कमी धोक्याचा, पण त्यालाही हद्द आहे. लहान स्प्रिंगचं काम फक्त बोटाला विरोध करायचं नाही, चाप आणि सिअर परत जागेवर आणायचंही आहे. ती फार सैल केली, त्यात धूळ आणि घट्ट झालेलं ग्रीस असलं, तर बंदूक चढवताना दात पुरता आत जातच नाही, कडेवर टेकून राहतो. अमेरिकेत रेमिंग्टन कंपनीने २०१४ साली मॉडेल ७०० आणि मॉडेल सेव्हन या रायफलींचे ट्रिगर परत मागवले होते. जुळणी करताना वापरलेला चिकटवणारा पदार्थ काही ट्रिगरमध्ये जास्त झाला होता आणि त्यामुळे रायफल आपोआप सुटण्याचा धोका होता. कारखान्यातल्या जोडणीत एवढ्याशा थेंबाने हे होतं, मग घरी चिकट तेल ओतून काय होईल ते बघा.

तिसऱ्या स्क्रूचं थोडक्यात. तो जास्त आत गेला तर दात पूर्ण सुटायच्या आधीच चाप अडतो. ओढलं तरी बंदूक सुटत नाही, माणूस चिडून नळी फिरवतो किंवा दस्ता आपटतो, आणि मग सुटते.

'पण सेफ्टी लावली होती की!' हे नेहमी ऐकू येतं. बऱ्याच बंदुकांत सेफ्टी फक्त चापाला अडवते, दाताला नाही. दात स्वतःहून घसरत असेल तर चाप अडवून उपयोग काय?

नळी मोडायच्या बंदुकीत आणखी एक वाईट प्रकार आहे. नळी उघडी असताना दात सुटला तर नळी सपकन वर येते आणि बोटं फटीत सापडतात. छर्रा भरताना दुसऱ्या हाताने नळी घट्ट धरून ठेवायची, ती याचसाठी.

मग मोठ्या स्पर्धांतले नेमबाज शंभर ग्रॅमच्या आसपासचा ट्रिगर कसा वापरतात? आंतरराष्ट्रीय नियमात दहा मीटर एअर पिस्तुलाला किमान ५०० ग्रॅमचं बंधन आहे, एअर रायफलला किमान वजनाची अटच नाही. पण त्या रायफलींत मोठी स्प्रिंग नसते, हवा आधीच टाकीत भरलेली असते. ट्रिगर दोनटप्पी, दात कठीण पोलादाचे, आणि ट्रिगर जुळवायला हवेशिवाय चाप चालवून बघायची सोय असते. शिवाय नळी निशाणाकडे वळेपर्यंत बोट आत जात नाही. तो शंभर ग्रॅमचा आकडा बांधावरच्या बंदुकीला लावायचा नाही.

तुमच्या बंदुकीत पकड गेलीय का, हे काही खुणांवरून कळतं. चढवताना पहिल्या खेपेला दात अडकत नाही. नळी बंद करताना कधीतरी आपोआप सुटते. एका वेळी चाप हलका लागतो, पुढच्या वेळी जड. दोनटप्पी असेल तर भिंतीपर्यंत नेऊन बोट सोडल्यावर चाप पूर्ण पुढे येत नाही. ही शेवटची तपासणी मात्र नळी छर्रे अडवणाऱ्या पेटीकडे धरून, जाणत्या माणसासमोरच करा. यातलं एकही दिसलं तर स्क्रू उलटा फिरवून भागत नाही, कारण झिजलेली कडा त्याने परत येत नाही.

त्या पोराची बंदूक उघडली तेव्हा दाताची कडा बोटालाही गुळगुळीत लागत होती. कारागिराने दात बदलला, पकड मूळ खुणेवर आणली. प्रशिक्षकांनी मग बहिणीची लाल नेलपेंट मागवली आणि हॉलमधल्या प्रत्येक बंदुकीच्या स्क्रूवरून ट्रिगरच्या पत्र्यावर एक आडवी रेघ ओढली. रेघ तुटलेली दिसली की त्या दिवशी ती बंदूक कपाटात राहते.