वाशिमची सावली आणि उज्जैनची रेषा

वाशिमला एका शाळेच्या पटांगणात, मेच्या उन्हात, मी व्याख्यानाची सुरुवात एका प्रश्नाने केली. सूर्य डोक्यावर कधी येतो? "बारा वाजता!" सगळी पोरे एकदम म्हणाली. मीटरभर उंचीची काठी ओळंब्याने सरळ उभी करून आम्ही सकाळीच तिच्याभोवती 30 सेंटीमीटर त्रिज्येचे वर्तुळ आखले होते. सावलीचे टोक आखडत आखडत 11:07 ला वर्तुळाला लागले, आणि लांबत जाऊन 1:29 ला पुन्हा लागले. दोन्हींच्या मधोमध 12:18. त्या सुमाराला काठीची सावली बुंध्याशी जवळजवळ नाहीशी झाली होती. वाशिमला असे 20-21 मेच्या आसपास होते. जुलैतही एकदा होते, पण तेव्हा ढग असतात.

बारानंतरची अठरा मिनिटे कुठून आली? आपले घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचे आणि वाशिम सत्याहत्तरच्या किंचित पुढे. एका अंशाला चार मिनिटे धरली तर साडेएकवीस होतात. मेमध्ये सूर्य सरासरीपेक्षा साडेतीन मिनिटे लवकर येतो, म्हणून अठरा. उज्जैनला त्याच दिवशी 12:23 होतील.

इथे मागच्या रांगेतले एक निवृत्त गुरुजी उठले. "मग आपलं गाव उज्जैनच्या रेषेवर नाही का?"

प्रश्न जिव्हारी लागणारा होता, कारण ती रेषा मध्यमेश्वराच्या मंदिरावरून जाते असे गावात मानतात. सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराने लंका ते मेरू या मध्यरेषेवरच्या गावांत वत्सगुल्म, म्हणजे आपले वाशिम, अवंतीसोबत मोजले आहे. प्रत्यक्षात वाशिम उज्जैनच्या रेषेपासून सुमारे 140 किलोमीटर पूर्वेला आहे. त्याच यादीतले स्थानेश्वर, म्हणजे कुरुक्षेत्राजवळचे ठाणेसर, हेही अंशभर पूर्वेला पडते.

चूक कशी राहिली असेल, ते मी घटिकापात्र दाखवून सांगितले. दोन गावांचा रेखांश चंद्रग्रहणाने मोजत. ग्रहण सगळीकडे एकाच क्षणी लागते, पण स्थानिक वेळ वेगळी असते. तो फरक घटिकांत पकडायचा. भोकाचे भांडे पाण्यात बुडायला लागतो तो वेळ म्हणजे एक घटिका, 24 मिनिटे. वाशिम-उज्जैन फरक साडेपाच मिनिटांहून कमी, म्हणजे घटिकेचा पावही नाही. त्यात पृथ्वीच्या सावलीची कड धूसर, त्यामुळे ग्रहण नेमके कधी लागले यावरच दोन निरीक्षकांत मिनिट-दोन मिनिटांचा फरक पडतो. भांड्याचे भोक मळाने बारीक झाले की वेळ आणखी सरकते. एवढा छोटा फरक त्या साधनांच्या हाती लागणे अवघडच होते, असे मला वाटते.

गुरुजी काठीपाशी गेले, घड्याळ पाहिले आणि म्हणाले, "उज्जैनला माझा भाचा असतो. त्याला उद्या काठी रोवायला सांगतो."