चुकांचे गठ्ठे

‘१८५७च्या उठावाची कारणे’ या निबंधाचे पेपर तपासताना प्रत्येकावर तोच शेरा लिहिण्यापेक्षा आधी सगळे वाचून चुकांनुसार गठ्ठे करावेत. एका गठ्ठ्यात अवधही दत्तकवारस नामंजूर करून खालसा झाल्याचे लिहिलेले असते. सातारा, झाशी तशी गेली. १८५६ साली अवधवर मात्र गैरकारभाराचा ठपका ठेवला होता. ही चूक फळ्यावर पाच मिनिटांत सुटते. मोठा गठ्ठा काडतुसांवरच थांबणाऱ्यांचा. माझ्या मते पुढचा तास त्यांनाच द्यावा. काडतुसे आली नसती, तर अवधचे शिपाई शांत राहिले असते का, हे विचारावे आणि तोच परिच्छेद पुन्हा लिहून घ्यावा. त्यात कारणांची यादी नुसतीच लांबली आणि एक कारण दुसऱ्याशी जोडले गेले नाही, तर गैरसमज तसाच आहे.